प्री-बिडच्या शंका पाठवण्याआधी: दोन पत्ते लिहिलेत का?

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. इंदूरच्या एका वसाहतीत ६०० मिलिमीटरची सीवर लाइन टाकायचं टेंडर होतं, अंदाजित रक्कम १ कोटी ४० लाख. मामा ठेकेदार, आणि त्यांच्या ऑफिसात टेंडरचे कागद मी बघते. बोली भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीसाठी मी एक ओळ पाठवली होती: ‘बाब क्र. ५ मध्ये खडक लागल्यास काय, कृपया स्पष्ट करावे.’ उत्तर आलं, ‘निविदेतील अटींप्रमाणे.’ आम्ही सहा टक्के बिलोने, म्हणजे अंदाजित रकमेच्या सहा टक्के खाली, काम घेतलं. दीड-पावणेदोन मीटरच्या खाली काळा पत्थर निघाला. बिल लावलं तेव्हा साहेबांनी तांत्रिक विनिर्देशांतली एक ओळ बोटाने दाखवली: खोदाईचे दर कठीण खडकासह सर्व स्तरांसाठी आहेत. ती ओळ मी वाचली होती. माझ्या शंकेत मात्र तिचा उल्लेख नव्हता.

तेवढ्यासाठी ही यादी. पुन्हा टेंडर आलं की मीच ती उघडून बसणार आहे.

तारखा आधी. mptenders.gov.in वर टेंडरच्या पानावर Clarification Start Date, Clarification End Date आणि Pre Bid Meeting Date अशा वेगवेगळ्या ओळी असतात. पुष्कळदा पहिल्या दोघींपुढे NA लिहिलेलं असतं आणि खरी मुदत एनआयटीच्या, म्हणजे निविदा सूचनेच्या, आत एखाद्या परिच्छेदात दडलेली असते, ‘बैठकीच्या दोन दिवस आधीपर्यंत लेखी’ वगैरे. पोर्टलवर NA दिसलं म्हणून मुदत नाही असं समजू नका. सगळे कागद उतरवून घ्या: एनआयटी, सामान्य अटी, विशेष अटी, विनिर्देश, नकाशे आणि बीओक्यूची, म्हणजे बाबी आणि परिमाणांच्या तक्त्याची, एक्सेल. आणि आधीच शुद्धिपत्रक निघालं असेल तर तेही. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाऊ.

आता मामांकडून शंका काढणं. ते लिहून देत नाहीत. साइट बघून आले की गाडीतूनच व्हॉइस नोट टाकतात. या वेळी नऊ होत्या. ‘अगं, त्या गल्लीत पोकलेन जाणारच नाही.’ ‘शेजारी बोअर झालंय, पत्थर वरच आहे म्हणतात, आपल्याला पैसे मिळतील का?’ ‘हे लोक बिल सहा-सहा महिने लटकवतात.’ ‘आपलं मागचं सर्टिफिकेट चालेल ना?’ ‘पाणी किती लागेल सांगता येत नाही.’ असं. सगळं जसंच्या तसं वहीत उतरवायचं, त्यांच्याच शब्दांत. घाई करून लगेच ऑफिसच्या भाषेत वळवलं की मूळ काळजी हरवते. ‘पत्थर वरच आहे’ यात खोली आहे. मी ते मागच्या खेपेला ‘खडक लागल्यास’ असं केलं आणि खोली गेली. या वेळी फोन करून विचारलं, वर म्हणजे किती? मामा म्हणाले, ‘एक मीटर सत्तर धर, त्याच्या वर मुरूम आहे.’ चराची खोली अडीच मीटर. म्हणजे ८० सेंटीमीटर खडक. आता ही शंका झाली.

मग गाळणी. प्रत्येक वाक्यापुढे दोन आकडे लिहायचे: उत्तर ‘हो’ आलं तर आपला दर किती, ‘नाही’ आलं तर किती. दोन्ही सारखेच निघाले तर ती शंका नाही, ती तक्रार आहे. ‘बिल लटकवतात’ ही तक्रार. देयकाच्या मुदतीचं कलम असतं, ते वाचून व्याज आपल्या दरात धरायचं, विचारायचं काही नाही. पोकलेन जात नसेल तर मजुरांनी खोदायचं, तोही आपला हिशोब. नऊतल्या पाच अशा गळल्या. मामांना वाटतं मी त्यांच्या शंका खाल्ल्या. खाल्ल्याच. वीस शंका पाठवल्या की उत्तर लिहिणारा माणूस कंटाळून एकाच उत्तरात सगळ्या संपवतो, आणि त्यात आपली कामाची शंकाही जाते.

खडकाची गाळणी करून बघा. चर ६४० मीटर लांब, १.२ मीटर रुंद, खडकाचा थर ०.८ मीटर. गुणाकार ६१४.४ घनमीटर. फोडायला आणि उचलायला आम्हाला मुरमापेक्षा घनमीटरमागे सुमारे ९०० रुपये जास्त लागतात. म्हणजे साडेपाच लाख. १ कोटी ४० लाखांवर हे जवळजवळ चार टक्के होतात. आपल्याकडे हे टेंडर बहुधा टक्केवारीचं असतं, म्हणजे एसओआरने, विभागाच्या दरसूचीने, काढलेल्या एकूण रकमेवर एकच अबव्ह किंवा बिलोचा आकडा भरायचा. एखाद्या बाबीचा दर एकटा वाढवता येत नाही. खडक आपल्या माथी असेल तर त्याचे चार टक्के सगळ्या कामावर पसरावे लागतात. ज्याने शंका विचारली नाही आणि खडकाचे पैसे वेगळे मिळतील असं गृहीत धरलं तो चार टक्के खाली भरतो आणि काम घेऊन जातो. मागच्या वेळी तो मीच होते. खडक आपल्या माथी धरला असता तर मी दोनच टक्के बिलो भरलं असतं, भरलं सहा.

आता मुख्य. दोन पत्ते.

ठेकेदाराची शंका बहुतेक वेळा एका कलमातून निघत नाही. दोन जागा एकमेकींशी भांडत असतात तिथून ती निघते. बीओक्यू एक म्हणतो, विनिर्देश दुसरं. नकाशावर एक माप, एनआयटीत दुसरं. मामांना ती भांडणाची जागा पोटातून कळते, पण कागदावर दाखवता येत नाही. दाखवण्याचं काम आपलं. एकाच जागेचा पत्ता लिहिला की ऑफिस त्याच जागेवरून उत्तर देतं, आणि ते उत्तर नेहमी एकच असतं: निविदेप्रमाणे. खोटंही नसतं ते. बाब पाचमध्ये जे लिहिलंय ते लिहिलंय. भांडण दिसलंच नाही तर सोडवणार कोण?

म्हणून प्रत्येक शंकेत दोन पत्ते. पत्ता म्हणजे: कागदाचं नाव, खंड, कलम क्रमांक, पान क्रमांक आणि शब्दशः ओळ. निविदा इंग्रजीत असेल तर ओळ इंग्रजीतच उतरवायची, हिंदीत असेल तर हिंदीत. भाषांतर करून ठेवू नका. ‘सॉइल’ आणि ‘स्ट्रेटा’ या दोन्ही शब्दांना आपण ‘माती’ म्हणतो आणि अख्खी शंका तिथे मरते. पान क्रमांक पीडीएफचा की छापलेला तेही लिहा, दोन्ही वेगळे असतात. पहिल्या पत्त्यावर थांबू नका. दुसरा सापडेपर्यंत शंका लिहायचीच नाही.

आणि एक तिसरी जागा बघायची: अग्रक्रमाचं कलम. बऱ्याच करारांत कुठेतरी लिहिलेलं असतं की कागदांमध्ये विसंगती आली तर कोणता कागद वर. ते असेल तर ऑफिस दोन ओळींत उत्तर देईल, ‘अमुक कलमाप्रमाणे विनिर्देश लागू’, आणि ते उत्तर आपण आधीच दिलेलं बरं. असं कलम असूनही शंका विचारायची असेल तर त्याचाही पत्ता द्यायचा. त्याशिवाय ‘ठेकेदाराने जागा पाहिली आहे असे मानले जाईल’ हे कलम जवळजवळ प्रत्येक टेंडरमध्ये असतं. त्याच्यामुळे नंतर ‘आम्हाला खडक माहीत नव्हता’ हे चालत नाही. मातीपरीक्षणाचा अहवाल किंवा बोअर लॉग निविदेला जोडलेला असेल तर आपल्या शेजारच्या बोअरची कथा सांगू नका, त्यांच्याच बोअर लॉगचं पान लिहा. त्यांच्या कागदाला त्यांना नाही म्हणता येत नाही.

मागची शंका मी आज अशी लिहीन. मूळ ओळी इथे मराठीत देते, पत्रात त्या निविदेच्या भाषेत जातात.

‘शंका क्र. १. संदर्भ अ: बीओक्यू, बाब क्र. ५, पान ६१: “सर्व प्रकारच्या मातीत, मुरमासह, पाइपसाठी चर खोदणे, खोली १.५ ते ३ मीटर.” संदर्भ आ: तांत्रिक विनिर्देश, कलम ३.२, पान ३८: “खोदाईचे दर कठीण खडकासह सर्व स्तरांसाठी सर्वसमावेशक आहेत.” विसंगती: बाब ५ मध्ये खडकाचा उल्लेख नाही आणि बीओक्यूत खडकासाठी वेगळी बाब नाही, कलम ३.२ मध्ये खडक समाविष्ट आहे. बोअर लॉग, पान ९४ नुसार १.७ मीटरखाली कठीण खडक आहे. खुलासा: कठीण खडकातील खोदाई बाब ५ च्या दरात समाविष्ट आहे काय? कृपया हो किंवा नाही असे उत्तर द्यावे.’

‘शंका क्र. २. शंका १ चे उत्तर “नाही” असल्यास: वस्तीत सुरुंग लावता येत नसल्याने अशा खोदाईचे देयक एसओआरमधील, सुरुंगबंदीच्या क्षेत्रातील कठीण खडकाच्या बाबीने, निविदेतील टक्केवारी लावून, अतिरिक्त बाब म्हणून होईल काय? अन्य बाब लागू असल्यास तिचा क्रमांक द्यावा.’

‘शंका क्र. ३. शंका १ चे उत्तर “नाही” असल्यास: खडकाचे परिमाण चराच्या प्रत्यक्ष छेदावरून मोजले जाईल, की काढलेल्या दगडाचा ढीग मोजून पोकळीसाठी ५० टक्के वजा करून?’

तिसरी शंका फुकटची नाही. माती आणि खडक मिसळून निघाले की ढीग मोजून निम्मे वजा करायची पद्धत आयएस १२०० मध्ये आहेच, आणि साइटवर नेमकं यावरून भांडण होतं. दुसऱ्या शंकेतला सुरुंगबंदीचा मुद्दाही तसाच. फोडकाम ब्रेकरने करायचं आणि दर सुरुंगाचा घ्यायचा, हे परवडत नाही.

बघा, तीन प्रश्न तीन क्रमांकांखाली. एका क्रमांकात एकच प्रश्न. दोन घातलेत तर एकाचंच उत्तर येतं आणि ते नको असलेल्याचं येतं. आणि ‘कृपया स्पष्ट करावे’ हे शब्द हद्दपार. प्रश्न असा हवा की उत्तरात हो, नाही, आकडा किंवा बाब क्रमांक यांतलं काहीतरी लिहावंच लागेल. लिहून झालं की शंकेखाली स्वतःच पेन्सिलीने ‘निविदेप्रमाणे’ असं उत्तर लिहून बघायचं. ते उत्तर तिथे शोभलं तर शंका कच्ची आहे. बहुतेक वेळा दुसरा पत्ता राहिलेला असतो. दुसरा पत्ता.

सूर साधा. आरोप नको, ‘आपल्या विभागाने चूक केली आहे’ नको, विनंत्यांची माळ नको. सवलत मागायची असेल तर ती शंका नाही, ती वेगळ्या पत्रात, आणि त्यातून काही निघत नाही हे मामांना मी कितीदा सांगू.

आता सर्टिफिकेटची शंका, कारण तीही अशीच फसते. निविदेत अट: मागच्या काही वर्षांत किमान ५६ लाखांचं एक तत्सम काम पूर्ण केलेलं असावं. मामांचं सर्टिफिकेट ६० लाखांचं. ऐकायला ठीक. पण ते काम जुलै २०२२ च्या आधीचं, त्या ६० लाखांत तेव्हाचा १२ टक्के जीएसटी धरलेला आहे. सरकारी बांधकामावर १८ टक्के १८ जुलै २०२२ पासून झाला. १.१२ ने भागलं की उरतात साधारण ५३ लाख ५७ हजार. मग आपण पात्र की अपात्र? पात्रतेच्या कलमात कराबद्दल एक शब्दही नाही. इथे एक पत्ता देऊन विचारलं तर उत्तर येईल ‘अट स्पष्ट आहे’. दुसरा पत्ता कुठे? अनुभवाच्या नमुन्यात. मागच्या बाजूला जोडलेल्या फॉर्मात एका रकान्यावर ‘करांविना पूर्ण झालेल्या कामाचे मूल्य’ असं छापलेलं होतं. कलम गप्प, फॉर्म बोलतो. दोन्ही पानं लिहिली आणि विचारलं: पात्रतेसाठीचे मूल्य जीएसटीसह धरायचे की जीएसटीविना? बस. आमचं सर्टिफिकेट किती रुपयांचं, हे लिहायचं नाही.

कारण शंका सगळ्यांना दिसतात. उत्तरं शुद्धिपत्रकात छापली जातात, शंकाही बहुधा तशाच. तुमचा दर, तुमची खाण, तुमची मशीन, तुमचं कमजोर सर्टिफिकेट, काहीही शंकेत डोकावू द्यायचं नाही. खडकाचं काय, ते लपवता येत नाही, तो सगळ्यांच्याच चरात निघणार. पण तो फोडायचा कसा, हे आपल्यापाशी राहतं. मामा एकदा स्वतःच्या लेटरहेडवर लिहून आले होते की आमच्याकडे दोन रॉक ब्रेकर आहेत, तर दर असा असा द्यावा. ते पत्र मी ऑफिसच्या दारातून परत आणलं.

पाण्याची शंका थोडक्यात. चरात भूजल लागलं तर उपसा कुणाचा? बीओक्यूत उपशाची बाब नाही, विनिर्देशांत ‘चर कोरडा ठेवावा’ अशी ओळ असते, इथेही तेच भांडण. दोन पत्ते. खडकासारखीच लिहायची, पुन्हा लिहीत नाही.

पाठवणं. निविदेत तक्ता दिला असेल तर त्यांचाच तक्ता, एक रकानाही वाढवू नका. नसेल तर पाच रकाने पुरतात: क्रमांक, कागद-कलम-पान, मूळ ओळ, विसंगती, मागितलेला खुलासा. दोन पत्त्यांसाठी तिथे दोन ओळी करा, एकाच ओळीत कोंबू नका. वर्डमध्ये द्या, सही केलेली पीडीएफ सोबत. नुसती स्कॅन पाठवली तर त्यांना आपली शंका टाइप करावी लागते, मग ते ती आखडून टाइप करतात आणि दुसरा पत्ता त्यात गळतो. एनआयटीत ज्या पदाला लिहायला सांगितलंय त्याच पदाला, कार्यपालन यंत्री असेल तर कार्यपालन यंत्री, ओळखीच्या बाबूला नाही. विषयात एनआयटी क्रमांक आणि पोर्टलवरचा टेंडर आयडी. ईमेल गेल्यावर आवक शाखेत कागदी प्रतही देऊन शिक्का घ्यायचा. सांगितलं असेल तर पोर्टलवरूनही. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका, आवकवाला जेवायला गेलेला असतो.

बैठक. मामा जातात, मी मागे बसते. तोंडी उत्तर मिळालं तरी त्यावर दर बांधायचा नाही. ‘अरे, खडकाचे मिळतील, काळजी करू नका’ हे वाक्य बिलाला लागत नाही. इतिवृत्त निघालं तर त्यात आपले क्रमांक शोधायचे. आपल्या शंकेला दुसऱ्याचं उत्तर जोडलेलं असेल तर त्याच दिवशी तेच क्रमांक लावून पुन्हा लिहायचं.

शुद्धिपत्रक. पोर्टलवर रोज बघा, बिड टाकायच्या दिवशी सकाळी पुन्हा. बीओक्यू बदलला असेल तर नवी एक्सेल उतरवून त्यातच भरा, जुनी तयार असली तरी. उत्तर शुद्धिपत्रकात आलं असेल तर छापून बिडच्या फाइलीत, आणि काम मिळालं तर करारात ते जोडलंय का हे सही करण्याआधी बघायचं. उत्तर आलंच नाही तर खडक आपला समजून चार टक्के धरायचे, मामा कितीही ओरडोत.

या वेळच्या चार शंका काल गेल्या. चारही मी दोनदा तपासल्या. तिसरीत पान ३८ ऐवजी ८३ पडलं होतं, ते शिक्का मारायच्या आधी पेनाने दुरुस्त करून सही केली आणि ईमेलही नव्याने पाठवला.